पाच टक्के धरून चालणाऱ्यांना उत्तर

सळईचे भाव वहीत लिहून उतरत नाहीत, असे बांधकामाच्या धंद्यातले जाणते लोक म्हणतात. जोखमीची नोंदवही ठेवण्याचा विषय सोसायटीच्या सभेत किंवा छोट्या बिल्डरच्या कचेरीत निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि त्याच्यामागोमाग तीन मुद्दे येतात. पहिला, भाव कुठे जाणार हे कुणालाच कळत नाही, मग लिहायचे काय? दुसरा, अंदाजपत्रकात पाच टक्के आकस्मिक खर्च धरलेला असतो, तो पुरतो. तिसरा, काम ठरलेल्या दराने दिले आहे, भाव वाढले तर ते ठेकेदाराने बघावे. हे बोलणाऱ्यांनी स्वतः इमारती उभ्या केल्या आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. मला त्याला मुद्देसूद उत्तर द्यायचे आहे. हे तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत असे मी मानतो, आणि तिसरा तर लोकांना घराबाहेर ठेवणारा आहे.

त्यांची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. जोखमीची नोंद म्हणून जे तक्ते फिरत असतात, त्यांतले बरेचसे निरुपयोगी असतात. पन्नास-साठ ओळी, प्रत्येक ओळीला शक्यतेचे एक ते पाच आणि परिणामाचे एक ते पाच गुण, दोन्हींचा गुणाकार आणि त्यावर लाल, पिवळा, हिरवा रंग. ‘पोलादाचे भाव वाढणे’ या ओळीपुढे चार गुणिले चार म्हणजे सोळा असे लिहिलेले असते. हे सोळा म्हणजे किती रुपये, ते कुणाच्या खिशातून जाणार आणि कधी जाणार, यांतले काहीच त्या आकड्यातून कळत नाही. निम्मी सळई विकत घेऊन इमारतीत घातली तरी तक्त्यातले सोळा सोळाच राहतात. अशा कागदाला कुणी विरोध करत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. मी जिचा आग्रह धरतो ती नोंदवही आठ-दहा ओळींची असते आणि तिच्या प्रत्येक ओळीत रुपये असतात.

एक काम समोर ठेवू, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. समजा, नाशिकमधली १६ सदनिकांची जुनी सोसायटी बिल्डर न नेमता स्वतःच पुनर्विकास करते आहे. खाली पार्किंग, वर चार मजले. पाच स्लॅब, प्रत्येकी ४,००० चौरस फूट, म्हणजे एकूण २०,००० चौरस फूट बांधकाम. ठेकेदाराचा दर मालासह चौरस फुटाला १,९०० रुपये, म्हणजे काम ३ कोटी ८० लाखांचे, जीएसटी वेगळा. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबाने सळई ८४ टन लागणार आहे. त्यातली २२ टन पाया आणि प्लिंथपर्यंत, प्रत्येक मजल्याचे कॉलम, बीम आणि स्लॅब मिळून साडेअकरा टन, म्हणजे पाच मजल्यांना साडेसत्तावन्न, आणि उरलेली साडेचार टन वरची पाण्याची टाकी व जिन्याच्या डोक्यावरच्या कामाला. सिमेंट अंदाजे ८,४०० गोणी. सळईचा दर निविदेच्या दिवशी टनाला ५०,००० रुपये, साइटवर पोहोच, जीएसटी वगळून. सिमेंट गोणीला २७० रुपये, तेही जीएसटी वगळून. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण एवढ्या आकाराच्या इमारतीला शोभतील असेच आहेत.

आता पहिला मुद्दा. भाव कळत नाहीत हे खरे आहे, आणि २०२२ हे वर्ष त्याचा पुरावा आहे. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पोलादाला लागणारा कोकिंग कोळसा महागला, मार्चमध्ये लंडनच्या धातुबाजारात ॲल्युमिनियम विक्रमी भावाला पोहोचले आणि आपल्याकडे सळई झपाट्याने चढली. एप्रिलमध्ये अनेक साइटवर घाईघाईने पुढच्या सगळ्या मजल्यांची सळई भरून ठेवली गेली, आणखी वाढेल या भीतीने. मग २२ मेपासून केंद्र सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले, कोकिंग कोळशावरचे आयात शुल्क काढले, आणि भाव खाली आले. १९ नोव्हेंबरला ते निर्यात शुल्कही उठले. नऊ महिन्यांत एवढे सगळे झाले. यातले काहीही जानेवारीत कुणी सांगू शकले नसते.

पण नोंदवहीकडून भाकिताची अपेक्षाच नाही. भाव अमुक पातळीला गेला तर आपण काय करणार, हे डोके शांत असताना ठरवून ठेवणे एवढेच तिचे काम. एप्रिल २०२२मध्ये ज्यांनी एकदम सगळी सळई भरली, त्यांना मे महिना दिसत नव्हता हा त्यांचा दोष नाही. किती भरायची याची मर्यादा आधी ठरलेली नव्हती, म्हणून भीतीने ती ठरवली. नोंदवहीत ‘एका वेळी जास्तीत जास्त दोन मजल्यांची सळई’ अशी ओळ असती तर नुकसान दोन मजल्यांपुरते राहिले असते. भाव कळत नाहीत हेच तर ती ओळ आधी लिहून ठेवण्याचे कारण आहे.

ही दोन मजल्यांची मर्यादा मी हवेतून काढलेली नाही. आपल्या उदाहरणात दोन मजल्यांची सळई २३ टन, किंमत साडेअकरा लाख. हे पैसे तीन महिने आधी गुंतवले आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर ३४,५०० रुपये, म्हणजे टनाला १,५०० रुपये व्याजातच जातात. सळई तीन महिन्यांत तीन टक्क्यांहून अधिक वाढणार असेल तरच आगाऊ खरेदी परवडते. शिवाय माल साइटवर पडला की जागा अडते, राखण करावी लागते आणि पावसाळा लागला तर गंज धरतो. सिमेंटच्या बाबतीत तर साठवणुकीचा विचारच सोडून द्यावा. दमट हवेत गोण्या दगड होतात, आणि तीन महिने झालेले सिमेंट तपासून घेतल्याशिवाय वापरू नये हा साइटवरचा साधा नियम आहे. म्हणजे सळईच्या ओळीतला उपाय सिमेंटच्या ओळीत चालत नाही. प्रत्येक मालाला वेगळी ओळ लागते ती यासाठी.

दुसऱ्या मुद्द्याकडे, पाच टक्क्यांकडे वळू. ३ कोटी ८० लाखांचे पाच टक्के म्हणजे १९ लाख. रक्कम मोठी आहे आणि म्हणूनच ती फसवते. समजा पाया आणि प्लिंथ झाले आहे आणि सळई २० टक्क्यांनी, म्हणजे टनाला १०,००० रुपयांनी वाढली. अजून ६२ टन घ्यायची आहे, तेव्हा फटका ६ लाख २० हजारांचा. तीच वाढ चौथा स्लॅब पडल्यावर झाली तर घ्यायची उरलेली सळई फक्त १६ टन, आणि फटका १ लाख ६० हजारांचा. वाढ तेवढीच, पण जोखीम जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आली. पाच टक्क्यांच्या आकड्याला हे दिसत नाही. तो पहिल्या दिवशी १९ लाख असतो आणि शेवटच्या स्लॅबच्या दिवशीही कागदावर १९ लाखच असतो.

कागदावर असतो म्हणालो, कारण प्रत्यक्षात तो तोवर उरलेला नसतो. ज्या पैशाला कामाचे नाव नाही, तो पैसा आधी मागणाऱ्याला मिळतो. पाया खोदताना काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघते, तिथे चार-पाच लाख जातात. सभासदांना मोठ्या टाइल्स हव्या असतात, तिथे आणखी काही जातात. दोन्ही खर्च कदाचित योग्यही असतील. पण ते मंजूर करताना समितीतल्या कुणालाही माहीत नसते की या १९ लाखांपैकी ६ लाख अजून न घेतलेल्या सळईसाठी राखायला हवे होते. नोंदवहीत त्या महिन्याची उरलेली सळई आणि तिचा फटका लिहिलेला असेल, तर टाइल्सचा ठराव मांडणाऱ्याला तो आकडा ओलांडून पुढे जावे लागते. मग तो ठराव एक तर मागे पडतो किंवा त्याच्यासाठी वेगळे पैसे काढले जातात. दोन्ही चालतील.

म्हणून नोंदवहीचा गाभा एकाच आकड्यात आहे: अजून ज्याचा दर पक्का झालेला नाही असा माल किती उरला आहे. एकूण लागणारा मालही नाही आणि आजवर वापरलेलाही नाही. हा आकडा दर महिन्याला बदलतो, आणि तो नीट काढणे वाटते तितके सोपे नाही. सर्वांत नेहमीची गफलत अशी की दुकानदाराला फोनवर ‘आमची वीस टन ठेवा’ सांगितले की ती वीस टन घेतलेल्यांत धरली जाते. भाव स्थिर असताना ती येतेही. भाव चढला की माल संपलेला असतो, गाडी मिळत नसते, किंवा ‘वरूनच दर आला आहे’ असे ऐकायला मिळते. आगाऊ रक्कम दिली आहे, दर आणि व्यास लिहिलेला कागद हातात आहे, पोहोचवण्याची तारीख ठरली आहे, तेवढाच माल पक्का समजायचा. बाकी सगळा उघड्यावरचा.

दुसरी गफलत वापराच्या बाजूने होते. समजा पहिला स्लॅब झाला आहे. चलनांप्रमाणे ४६ टन सळई आली. बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे पायाला २२ आणि पहिल्या मजल्याला साडेअकरा मिळून साडेतेहेतीस टन लागायला हवी होती. तुकड्यांची घट टनभर धरली तरी साइटवर साडेअकरा टन शिल्लक असायला हवी. मोजली तर नऊ टन निघाली. अडीच टन, म्हणजे सव्वा लाख रुपये, कुठे गेले? कारणे तीनच असतात. नकाशात बदल होऊन सळई वाढली, किंवा माल बाहेर गेला, किंवा आलेल्या सळ्या ठरलेल्या वजनापेक्षा जड होत्या. तिसरे कारण तपासायला साधे गणित आहे. सळईचे मीटरचे वजन किलोत हवे असेल तर मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग काढून १६२ने भागायचे. बारा मिलिमीटरच्या सळईला ०.८९ किलो येते. भारतीय मानक १७८६ वजनात काही टक्के फरकाला मुभा देते, लहान व्यासाला जास्त आणि मोठ्याला कमी. तेवढी जड सळई वजनावर विकत घेतली तर लांबी कमी मिळते आणि तुमचे ८४ टन ८७ होतात. भाव एक रुपयाही न वाढता सळईचा खर्च वाढलेला असतो. हा हिशेब महिन्यातून एकदा मांडला नाही तर भाववाढीच्या नावाखाली काय काय खपून जाते हे कधीच कळत नाही.

आता तिसरा मुद्दा, ज्याची मला खरी चीड आहे: दर ठरलेला आहे, भाव वाढले तर ते ठेकेदाराने बघावे.

कागदावर हे बरोबर आहे. पण नाशिकच्या आपल्या ठेकेदाराला पायाचे काम संपताना कळते की पुढच्या ६२ टनांवर त्याला ६ लाख २० हजार जास्त मोजायचे आहेत आणि ते त्याला कुणी देणार नाही. अशा कामावरचा त्याचा नफा आठ-दहा टक्के असेल, तर त्यातला पाचवा-सहावा हिस्सा एकट्या सळईने खाल्ला. त्याच वेळी सिमेंट, डिझेल आणि ॲल्युमिनियमही चढलेले असते, कारण या सगळ्यांच्या मुळाशी कोळसा आणि तेल आहे. २०२२मध्ये ते एकत्रच चढले. अशा माणसापुढे मार्ग उरतात ते सगळे सोसायटीच्या अंगावर येणारे असतात. तो माणसे दुसऱ्या साइटवर हलवतो आणि भाव उतरायची वाट पाहतो. किंवा नाव नसलेल्या गिरणीची सळई आणतो. किंवा ‘जादा काम’ या नावाची बिले लावू लागतो. फारच झाले तर काम सोडतो, आणि तुम्ही नवा ठेकेदार शोधता तो आजच्या वाढलेल्या दराने, शिवाय अर्धवट काम हाती घेण्याची किंमत वेगळी.

यात सोसायटीचे किती जाते ते मोजता येते. १६ कुटुंबे भाड्याने राहत आहेत, दरमहा सरासरी १५,००० रुपये भाडे. काम चार महिने रेंगाळले तर ९ लाख ६० हजार रुपये भाड्यात जातात. म्हणजे ६ लाख २० हजारांचा प्रश्न ‘ठेकेदाराने बघावे’ म्हणून सोडून दिला आणि त्याची किंमत त्याहून ३ लाख ४० हजारांनी जास्त मोजली. हे पैसे सोसायटीच्या खात्यातून एकदम जात नाहीत, घराघरातून दर महिन्याला जातात, म्हणून ताळेबंदात दिसत नाहीत. सेवानिवृत्तीनंतर परक्या घरात तिसऱ्या मजल्यावर जिना चढून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या खिशातून ते जातात. ज्या समितीने ‘दर पक्का आहे’ म्हणून समाधान मानले तिने जोखीम दूर केली नाही. ती सगळ्यांत कमकुवत माणसाच्या घरी पाठवली.

बिल्डरचे काम असले तरी गोष्ट फार वेगळी नाही. महारेराच्या नमुना करारात सदनिकेची किंमत सरकारी शुल्कातली वाढ सोडली तर वाढवता येत नाही. ग्राहकाकडून सळईची भाववाढ मागता येत नाही आणि ठेकेदारालाही द्यायची नाही, अशा कोंडीतून रखडलेले प्रकल्प तयार होतात.

मग नोंदवहीत सळईची ओळ कशी लिहायची? डावीकडून सुरुवात करू. काय बदलू शकते आणि कशामुळे: सळईचा दर, कोळसा, लोहखनिज, भंगार आणि शुल्कांमुळे. पक्का न झालेला माल: या महिन्याला ६२ टन. मूळ दर: ५०,००० रुपये, आणि इथे जितके काटेकोर लिहाल तितके पुढचे भांडण कमी. कुठल्या तारखेचा, कुठल्या प्रतीच्या सळईचा, जीएसटीसह की वगळून, गाडीभाडे धरून की न धरता, आणि कुठल्या व्यासाचा. कारण आठ मिलिमीटरची सळई बारा-सोळापेक्षा महाग असते. केवळ ‘५०,०००’ लिहून ठेवलेल्या ओळीवर सहा महिन्यांनी दोन्ही पक्ष प्रामाणिकपणे वेगवेगळे बोलतात. नवा दर कुठून घ्यायचा तेही इथेच लिहायचे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत सिमेंट-सळईच्या फरकासाठी करारातच कलम असते आणि फरक निर्देशांकावरून काढतात. आपल्या लहान कामाला आधी ठरवलेल्या दोन विक्रेत्यांचे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले लेखी दर आणि त्यांची सरासरी पुरेशी होते.

पुढचा रकाना सोसणाऱ्याचा. माझा सल्ला असा की मूळ दराच्या वरखाली पाच टक्क्यांपर्यंतचा फरक ठेकेदाराचा, त्यापलीकडचा सोसायटीचा, आणि हे दोन्ही दिशांना. वीस टक्के वाढ झाली तर टनामागच्या १०,०००पैकी २,५०० ठेकेदार सोसेल आणि ७,५०० सोसायटी देईल. ६२ टनांवर ठेकेदाराचे १ लाख ५५ हजार, सोसायटीचे ४ लाख ६५ हजार. काम थांबण्याचे कारण उरत नाही. भाव वीस टक्के उतरले तर हेच ७,५०० रुपये टनामागे सोसायटीला परत मिळतात, जे पक्क्या दराच्या करारात कधीच मिळत नाहीत. फरक द्यायचा तो शेड्यूलप्रमाणे लागणाऱ्या वजनावर आणि ठरलेल्या घटीवर, विकत घेतलेल्या वजनावर नाही. दर धरायचा तो माल साइटवर आल्याच्या तारखेचा, वजनकाट्याच्या पावतीसह. नाही तर स्वस्तात घेतलेली सळई महाग महिन्याच्या दराने बिलात येते. आणि काम ठेकेदाराच्या चुकीने लांबले असेल तर लांबलेल्या काळातली वाढ त्याची. हे शेवटचे वाक्य नसेल तर भाववाढीचे कलम उशिराला बक्षीस देते.

त्यानंतर कृतीचा दर. ५२,५०० झाला की पुढच्या दोन मजल्यांची सळई आगाऊ रक्कम देऊन पक्की करायची; ४७,५००च्या खाली गेला तरीही तेच, कारण ती स्वस्त संधी आहे. ५७,५००च्या वर गेला तर आणखी साठा करायचा नाही, समितीची बैठक चार दिवसांत घ्यायची आणि रोकडीचा हिशेब नव्याने मांडायचा. शेवटी एका माणसाचे नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख. ‘समिती’ किंवा ‘सर्व संबंधित’ असे लिहिलेल्या ओळीकडे कुणी पाहत नाही.

सिमेंटच्या ओळीत कृती वेगळी, कारण साठा नाही. तिथे दोन कंपन्यांचे विक्रेते आधीच ठरवून ठेवणे आणि मोठा स्लॅब भाववाढीच्या घोषणेच्या आठवड्यात अडकू न देणे एवढेच हाती असते. सिमेंटचे भाव पावसाळ्यात मागणी घटल्यावर नरमतात, बांधकामाच्या मोसमात कंपन्या ते वाढवू पाहतात आणि कधी कधी ती वाढ टिकतही नाही.

कराची ओळ तर स्वतंत्रच हवी. २२ सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. २७० रुपयांच्या गोणीमागे २७ रुपये, ८,४०० गोण्यांवर २ लाख २६ हजार ८०० रुपये. अनेक सोसायट्यांना वाटले की ठेकेदाराने दर लगेच उतरवला पाहिजे. पण जो ठेकेदार स्वतःच्या बिलावर जीएसटी लावतो आणि सिमेंटवरच्या कराची वजावट घेतो, त्याचा खर्च या कपातीने फारसा बदलत नाही. त्याला आधीही तो कर वजा मिळतच होता. सिमेंट सोसायटीने स्वतः विकत घेऊन दिले असेल तर मात्र पूर्ण फरक सोसायटीचा. माल कोण विकत घेते आणि वजावट कुणाला मिळते, हे नोंदवहीत लिहिलेले असेल तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो. लिहिलेले नसेल तर दोन्ही पक्ष एकमेकांना लुबाडणारे ठरवतात आणि काम बिघडते. मूळ दर जीएसटी वगळून लिहायचा तो एवढ्यासाठी.

ॲल्युमिनियमच्या खिडक्या, तांब्याच्या तारा, पीव्हीसी पाइप, क्रश सॅण्ड आणि खडी यांना एकेक ओळ पुरते. प्रत्येकीचे कारण वेगळे असते: खिडक्या-तारांचे लंडनच्या बाजाराशी नाते आहे, तर खडी-सॅण्डचे तालुक्यातल्या क्रशरशी आणि डिझेलशी. या मालाची रक्कम लहान, म्हणून त्यावर फार वेळ घालवू नये. पूर्ण नोंदवही एका पानात मावली नाही तर ती कुणी वाचत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो व्यवहारी आहे. ‘फरक देण्याचे कलम ठेवले तर सभासदांना अंतिम खर्च किती ते सांगता येत नाही. पक्का दर निदान निश्चिंत झोप देतो.’ त्या झोपेची किंमत निविदेतच विचारता येते. ठेकेदारांना दोन दर मागा: एक पक्का, दुसरा सळई-सिमेंटच्या फरकासह. समजा एकाने पक्क्याला १,९०० आणि दुसऱ्याला १,८५० लिहिले. चौरस फुटाला ५० रुपये, म्हणजे २०,००० चौरस फुटांवर १० लाख. फरकाच्या करारात सळई पहिल्या दिवसापासून वीस टक्के वाढली तर संपूर्ण ८४ टनांवर सोसायटीच्या वाट्याला ६ लाख ३० हजार येतात, आणि सिमेंट पंधरा टक्के वाढले तर पाच टक्के सोडून उरलेल्या दहांचे सुमारे सव्वादोन लाख. दोन्ही मिळून साडेआठ लाखांच्या आसपास, दहाच्या आत. पक्का दर घेणारी सोसायटी भाव वाढोत वा उतरोत, दहा लाख देऊन मोकळी होते. शिवाय भाव खरेच भडकले तर ठेकेदार काम सोडण्याचा धोका तिच्याकडेच राहतो. दोन दरांतला फरक दहाऐवजी चार लाखांचा निघाला आणि ठेकेदार पैशाने भक्कम असला, तर मी स्वतः पक्का दर घ्या म्हणेन, आणि नोंदवहीत त्या ओळीपुढे ‘ठेकेदाराकडे, किंमत चार लाख’ असे लिहायला सांगेन. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पक्क्या दराला हात वर करणाऱ्या सभेला आपण काय विकत घेतले हे माहीत नसते.